४६ स्लाइड्सच्या सादरीकरणातून साठ सेकंदांची रील: मुद्दा कोणता निवडावा आणि संहिता कशी लिहावी?

अनुजा

वाहनचालकांच्या प्रशिक्षणासाठी मी ४६ स्लाइड्सचे एक सादरीकरण तयार केले आहे. वर्गात ते दीड तास चालते. आता त्यातील एकाच मुद्द्यावर साठ सेकंदांची उभी रील करायची आहे. बाकीचे विषय नंतरच्या रील्समध्ये येतील, त्यामुळे सगळे एकीतच बसवण्याची सक्ती नाही.

मी नवव्या स्लाइडवरचा मुद्दा निवडला: वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर लागणारे अंतर चौपट होते. पुढच्या जवळजवळ सगळ्या स्लाइड्स याच नियमावर उभ्या असल्यामुळे हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे, असे मला वाटले. संहिता लिहिली तेव्हा १९० शब्द झाले आणि मोठ्याने वाचल्यावर ९४ सेकंद लागले. विशेषणे आणि जोडवाक्ये काढून ती साठ सेकंदांत आणली. पण आता ती ऐकताना कोणीतरी सूत्रे पाठ म्हणत आहे असे वाटते. मुद्दा चुकला आहे की लेखन?

कोरा कागद

लेखन. रील पहिल्या तीन सेकंदांत पकडते किंवा कायमची सुटते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न टाका, लगेच तुमची नववी स्लाइड दाखवा आणि प्रत्येक वाक्य अक्षरांतही येऊ द्या, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात. शब्द कमी करण्यापेक्षा वेगाने बोला. बोलणे जलद असले की पाहणारा थांबून राहतो.

माधव ल.

कोरा कागद यांचे आवाजाविषयीचे म्हणणे बरोबर आहे. स्लाइड दाखवण्याविषयीचे आणि वेगाने बोलण्याविषयीचे नाही. आडवी स्लाइड १६:९ प्रमाणाची असते. ती १०८० × १९२० च्या उभ्या चौकटीत रुंदीला बसवली की तिची उंची सुमारे ६०८ पिक्सेल, म्हणजे पडद्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी उरते. वर्गातील भिंतीवर जे सहज वाचता येत होते, ते हातातल्या पडद्यावर मुंगीएवढे होते. रीलसाठी स्लाइड उचलायची नसते. तिच्यात जे घडते आहे ते पुन्हा चित्रित करायचे असते.

आता मूळ प्रश्न. अनुजाताई, माझ्या मते मुद्दाच चुकला आहे. सादरीकरणाचा पाया आणि त्यातला सर्वांत जोरकस मुद्दा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि लांब सादरीकरण करणाऱ्याची या ठिकाणी हमखास गल्लत होते, कारण त्याने महिनोन्‌महिने पायावर काम केलेले असते. 'वेग दुप्पट, अंतर चौपट' हा नियम आहे. नियम ऐकल्यावर माणूस मान डोलावतो. तुम्हाला असे वाक्य हवे की जे ऐकल्यावर समोरचा म्हणेल, 'हे कसे शक्य आहे?'

ते शोधण्याची माझी एक जुनी पद्धत आहे. सादरीकरण बंद करा, एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी आठवतील तेवढ्याच स्लाइड्स प्रत्येकी एका वाक्यात लिहून काढा. मग दोन वाक्यांच्या मध्ये कोणते अव्यय बसते ते पाहा. 'आणि' बसत असेल, तर ती नुसती यादी आहे. 'म्हणून' बसत असेल, तर पहिले वाक्य दुसऱ्याला आधार देत आहे. जेथे 'तरीही' किंवा 'पण' आपोआप येतो, तेथे ऐकणाऱ्याच्या अंदाजाला धक्का बसतो. रील बहुधा त्या धक्क्याच्या आसपास सापडते. यादी इथे टाका, मग बोलू.

विनायक_९

माझाही प्रश्न हाच आहे. आमच्या विभागाचा वार्षिक अहवाल ६० स्लाइड्सचा आहे आणि रीलही साठ सेकंदांची हवी आहे, म्हणजे प्रत्येक स्लाइडला बरोबर एक सेकंद मिळतो. वरिष्ठांचा आग्रह आहे की सगळे उपविभाग दिसले पाहिजेत. एका सेकंदात वाचता येईल असा मजकूर किती ठेवावा?

माधव ल.

विनायकराव, तुमचा प्रश्न वेगळा आहे. एका सेकंदात माणूस दोन-तीन शब्द वाचतो, आणि ते त्याच्या मनात उतरण्याआधी पुढचे येतात. तुम्ही म्हणता ती चित्रांची झलक होईल. ती करायची असेल तर मजकूर ठेवूच नका, फक्त चेहरे आणि कामे दाखवा. त्यात एक मुद्दा असावा अशी अपेक्षा मात्र करू नका. कार्यवृत्तात कधीकधी एकही जोरकस मुद्दा नसतो, कारण ते हजेरीसाठी लिहिलेले असते. तेव्हा रीलचे लेखन सुधारून काही साधत नाही.

अनुजा

एक रात्र जाऊ दिली. ४६ पैकी मला १४ स्लाइड्स आठवल्या, हेच थोडे लाजिरवाणे आहे. वाक्ये लिहीत गेले आणि 'तरीही' एकाच ठिकाणी आला. ती ३१ व्या स्लाइडवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ निघाली, जी वर्गात मी बहुतेक वेळा वाचूनही दाखवत नाही:

'दोन गाड्यांच्या वेगात ताशी १० किलोमीटरचाच फरक आहे. तरीही ५० च्या वेगाची गाडी जेथे पूर्ण थांबते, तेथे ६० च्या वेगाची गाडी अजून ताशी ४० किलोमीटरने धावत असते.'

माधव ल.

सापडली तुमची रील. हे वाक्य ३१ व्या स्लाइडवर दडून का राहिले, तेही पाहण्यासारखे आहे. सादरीकरण तर्काच्या क्रमाने बांधलेले असते: आधी व्याख्या, मग नियम, मग उदाहरणे आणि त्या सगळ्यांतून निघणारा परिणाम शेवटी. रीलमध्ये त्या परिणामापासून मागे चालत यायचे आणि तो समजण्यासाठी अगदी अपरिहार्य असेल तेवढीच तयारी सोबत घ्यायची. इथे ती दोन गोष्टींची आहे: ब्रेकवर पाय पडेपर्यंत काही वेळ जातो आणि ब्रेक लागल्यावर वेग एका विशिष्ट रीतीने उतरतो. टायर, वजन, उतार, रस्त्याचा पृष्ठभाग हे सगळे बाहेर. चौपटीचा नियमसुद्धा बाहेर, कितीही जीव तुटला तरी.

रेवती

मी पदार्थविज्ञान शिकवते, म्हणून तो ४० चा आकडा आधी पडताळून पाहिला. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतकी वेगघट धरली. ५० च्या वेगाची गाडी पहिल्या सेकंदात १३.९ मीटर जाते आणि नंतर १३.८ मीटरांत थांबते, म्हणजे एकूण सुमारे २७.७ मीटर. ६० ची गाडी पहिल्याच सेकंदात १६.७ मीटर गेलेली असते, त्यामुळे त्या रेषेपर्यंत ब्रेकसाठी तिला फक्त ११ मीटर मिळतात. तेवढ्यात तिचा वेग ताशी ४० पर्यंतच उतरतो. आकडा बरोबर आहे.

तरी एक शंका उरते. एक सेकंद ही सावध चालकाची प्रतिक्रिया झाली. अनेकांना दीड सेकंदही लागतो. रीलमध्ये हे गृहीतक सांगणार की नाही?

दिगंबर

सांगूच नका, उलट आकडा वाढवा. पावसात रस्ता ओला असतो, तेव्हा हाच ४० नक्की ५० च्या वर जात असेल. 'पावसात तर आणखी भयंकर' अशी ओळ शेवटी टाका, परिणाम दुप्पट होईल.

रेवती

दिगंबर, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण गणित तसे नाही. ओल्या रस्त्यासाठी वेगघट ७ ऐवजी ४ धरली, तर दोन्ही गाड्यांना थांबायला पुष्कळ जास्त अंतर लागते. पहिली गाडी सुमारे ३८ मीटरांवर थांबते. मात्र त्या रेषेपाशी दुसरीचा उरलेला वेग ताशी ३७ च्या आसपास येतो, म्हणजे किंचित कमी. कारण अंतर वाढले तसे दुसरीला ब्रेकसाठी मिळणारे मीटरही वाढले. ओला रस्ता अधिक धोकादायक आहे, हे खरेच. पण या तुलनेत ते दिसत नाही. ती ओळ टाकली असती, तर रील शेवटच्या तीन सेकंदांत खोटी ठरली असती.

प्रतिक्रियेला दीड सेकंद धरला, तर उरलेला वेग ४३ येतो. म्हणजे एक सेकंद धरून सांगितलेले ४० हे फुगवलेले नाही.

माधव ल.

रेवतीताईंचे हे उत्तर संहिता लिहिणाऱ्याच्या फार उपयोगाचे आहे. गृहीतक बोलून दाखवले तर पाच-सहा सेकंद खर्च होतात आणि ऐकणारा नेमका तेव्हाच निसटतो. अजिबात न सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. म्हणून ते पडद्यावर एका ओळीत, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरांत ठेवावे: 'कोरडा रस्ता, प्रतिक्रियेला एक सेकंद'. ज्याला शंका येईल तो रील थांबवून वाचेल.

लिहिताना आणखी एक करा. कागदावर दोन रकाने आखा, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज, आणि उजवा रकाना लिहिण्यापूर्वी डावा पूर्ण करा. दृश्य जे सांगते आहे तेच आवाजही सांगू लागला की वेळ वाया जातो. उजव्या रकान्यात आकडे अक्षरांत लिहा. '२७.६७ मीटर' कागदावर इवलेसे दिसते, पण तोंडाने 'सत्तावीस पूर्णांक सदुसष्ट मीटर' म्हणावे लागते आणि तेवढ्यात दोन सेकंद जातात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटलेले असल्यामुळे आपले शब्द लांब होतात. सहज समजेल अशा गतीने बोलताना मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या पुढे गेले की धाप ऐकू येते. त्यात दृश्याला श्वास घ्यायला जागा हवी असेल, तर नव्वदच्या आत राहा.

अनुजा

पुन्हा लिहिले. सादरीकरणाची भाषा ग्रांथिक आहे. आवाजाचा रकाना मात्र मुद्दाम बोलीत ठेवला आहे.

पहिली ६ सेकंदे. दृश्य: वरून दिसणारा सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, प्रत्येकीवर तिचा वेग.
आवाज: 'शेजारून दोन गाड्या चालल्यात. एकीचा वेग पन्नास, दुसरीचा साठ.'

६ ते १५. दृश्य: पुढे रस्त्यावर अडथळा, दोन्ही गाड्या अजून त्याच वेगात.
आवाज: 'समोर अडथळा दिसतो. दोघांनाही एकाच क्षणी. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोघांचाही एक सेकंद जातो.'

१५ ते २३. दृश्य: गाड्यांमागे उमटत जाणाऱ्या दोन रंगीत पट्ट्या, दुसरी लांब.
आवाज: 'त्या एका सेकंदात पहिली चौदा मीटर पुढे गेली. दुसरी जवळजवळ सतरा.'

२३ ते ३२. दृश्य: पहिली गाडी अडथळ्याच्या अगदी जवळ थांबते, त्या जागी रस्त्याच्या रुंदीभर पांढरी रेषा उमटते.
आवाज: 'आता ब्रेक. पहिली गाडी आणखी चौदा मीटरांत थांबली. अडथळ्याला न लागता.'

३२ ते ४०. दृश्य: दुसरी गाडी रेषेवर येते आणि चित्र गोठते. तिच्यावरचा वेग झाकलेला.
आवाज: 'दुसरी गाडी याच रेषेवर आली तेव्हा तिचा वेग किती असेल?' त्यानंतर तीन सेकंद शांतता.

४० ते ४५. दृश्य: झाकलेला आकडा उघडतो.
आवाज: 'दहा नाही. चाळीस.'

४५ ते ६०. दृश्य: पहिली गाडी पुन्हा, सावकाश, प्रत्येक मीटरला तिचा उतरता वेग.
आवाज: 'ब्रेक लागल्यावर वेग सुरुवातीच्या मीटरांत हळू उतरतो, आणि शेवटच्या मीटरांत झपाट्यानं. दुसऱ्या गाडीला ते शेवटचे मीटर मिळालेच नाहीत.'

रेवती

शेवटचे कारण नेमके आहे. ब्रेकने प्रत्येक मीटरला सारखीच ऊर्जा काढून घेतली, तरी ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे वेग शेवटीच कोसळतो. चौपटीचा नियम तुम्ही बाहेर काढलात असे वाटते खरे. प्रत्यक्षात तो इथे न बोलता हजर आहे.

कोरा कागद

संहिता चांगली झाली आहे, हे मान्य. तरीही ४० हा आकडा चाळिसाव्या सेकंदाला येतो, हे मला पटत नाही. तेवढा वेळ कोण थांबणार? गोठलेले चित्र आणि '४० ने आदळली' हे सर्वांत आधी दाखवा आणि मग कसे ते सांगा. तुमची पहिली सहा सेकंदे फार शांत आहेत.

माधव ल.

याला दोन्ही बाजूंनी उत्तर देता येते. आकडा आधी दिला तर पाहणारा अंदाज बांधत नाही, आणि अंदाज बांधला नाही तर 'दहा नाही' या दोन शब्दांना काही अर्थच राहत नाही. प्रश्नानंतरच्या तीन सेकंदांच्या शांततेत पाहणारा स्वतःशी 'दहा' म्हणतो. ही रील त्या मनातल्या उत्तरावर उभी आहे. मात्र सुरुवात शांत आहे, हा आक्षेप खरा आहे. मधला मार्ग असा निघू शकेल: पहिल्या दोन सेकंदांत दुसरी गाडी रेषेवर गोठलेली दाखवा, आकडा झाकलेला ठेवा आणि मग मागे जा. कोडे दिसते, उत्तर दिसत नाही.

अनुजा

मी दोन्ही आवृत्त्यांचे कच्चे चित्रण केले आणि विषयाशी संबंध नसलेल्या सहा जणांना दाखवले, तिघांना एक आणि तिघांना दुसरी, आवाज बंद ठेवून. काय वाटले ते लगेच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी 'त्या चित्रफितीत काय होते, एका वाक्यात सांगा' एवढेच विचारले.

ज्यांनी आकडा आधी पाहिला त्यांच्यापैकी दोघे म्हणाले, 'गाडी हळू चालवावी.' माझ्या दृष्टीने हे अपयशच. हा उपदेश त्यांना आधीपासून माहीत होता. रीलमधून त्यांच्या हाती काहीच आले नाही. ज्यांनी झाकलेला आकडा पाहिला त्यांच्यापैकी दोघांनी '५० ची थांबते तेथे ६० ची ४० ने जाते' हे जवळजवळ जसेच्या तसे सांगितले. तिसऱ्याला मात्र वाटले की दुसऱ्या गाडीचा ब्रेक निकामी झाला होता.

माधव ल.

तो तिसरा माणूस फार मोलाचा आहे. आवाज बंद असताना दोन्ही गाड्यांनी सारखाच ब्रेक लावला, हे चित्रातून कळले नाही. दोन्ही गाड्यांचे मागचे लाल दिवे एकाच क्षणी लागताना दाखवा. पुष्कळदा माणसे रील अर्ध्यावर सोडतात ती कंटाळून नव्हे, तर एखादी गोष्ट त्यांना चुकीची कळलेली असते आणि पुढचे मग जुळत नाही म्हणून. रील प्रसिद्ध झाल्यावर प्रेक्षक कोणत्या सेकंदाला गळतात, याचा आलेख मिळतो. तुमच्या रीलमध्ये १५ ते २३ या सेकंदांत तो एकदम खाली आला, तर चौदा आणि सतरा हे आकडे जड झाले असे समजा आणि आवाजातून ते काढून टाका; पट्ट्यांची लांबी पुरेशी आहे.

विनायक_९

हे सगळे वाचून मी आमच्या अहवालाची वाक्ये लिहून पाहिली. ५६ ठिकाणी 'आणि' आला. दोन ठिकाणी 'म्हणून'. 'तरीही' एकदाच आला, आणि तो असा होता की आमचे वरिष्ठ तो रीलमध्ये येऊ देणार नाहीत.

माधव ल.

मग मुद्दा आहे, विनायकराव. परवानगी नाही.

कोरा कागद

अनुजाताई, सहा जणांवरून मी माझे मत बदलणार नाही. ओळखीच्या माणसांना तुम्ही रील पाहायला लावता, तेव्हा ते शेवटपर्यंत पाहतातच. अनोळखी माणसाचा अंगठा तसा थांबत नाही. दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या आठवड्यांत प्रसिद्ध करा आणि पहिल्या पाच सेकंदांची गळती पाहा.

अनुजा

हा आक्षेप योग्य आहे. तसे करून पाहीन. तोपर्यंत लाल दिवे घालते. गृहीतकाची ओळ तळाशी होती; ती रीलखालच्या मजकुराखाली आणि बटणांच्या मागे झाकली जात होती, म्हणून वरच्या बाजूला, पण अगदी कडेला लागणार नाही अशी, हलवली आहे. रेवतीताई, त्या ओळीत ७ हा आकडाही द्यावा का?

रेवती

नको. ज्याला ७ म्हणजे काय हे कळते, तो 'कोरडा रस्ता' एवढ्यावरून स्वतः पडताळून पाहील. 'दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखे' हे तीन-चार शब्द मात्र घाला, तो तिसरा माणूस लक्षात ठेवून.